घड्याळातला व्हीओटू मॅक्स वर्षभर ३८ वरच अडकलाय, नक्की काय करायचं?

प्रश्न: "वय ४२, वजन ७२ किलो, ठाण्यात राहतो, आयटीत आहे. दोन वर्षं झाली पळतोय, आठवड्यातून चार दिवस, साधारण ६ किमी, पेस किलोमीटरला ७ मिनिटांच्या आसपास. घड्याळात व्हीओटू मॅक्स आधी ३४ होता, तो ३८ झाला आणि आता वर्षभर तिथंच आहे. हा आकडा म्हणजे नक्की काय आणि तो ४५ पर्यंत नेता येईल का? रोज मेहनत तर पूर्ण घेतोय."

मी गेली चौदा वर्षं पुण्यात हौशी रनर्सना ट्रेन करतोय, त्यामुळे ही तक्रार दर महिन्याला एकदा तरी ऐकतो. तुमच्या पाच वाक्यांतलं शेवटचं वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं, "रोज मेहनत पूर्ण घेतोय". माझ्या मते घोळ तिथंच आहे. पण ते कळायला आधी हा ३८ कशाचा आहे ते बघू, कारण एकदा ते डोक्यात बसलं की ट्रेनिंग कसं करायचं ते आपोआप सुचायला लागतं.

३८ म्हणजे तुमचं शरीर जीव तोडून पळताना दर मिनिटाला, दर किलो वजनामागे जास्तीत जास्त ३८ मिली ऑक्सिजन वापरू शकतं. तुमचं वजन ७२, म्हणजे गुणाकार केला तर मिनिटाला साधारण २.७ लिटर. मोजायची मूळ पद्धत अगदी सरळ आहे. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला मँचेस्टरमध्ये ए. व्ही. हिल नावाचे फिजिऑलॉजिस्ट (१९२२ चं मेडिसिनचं नोबेल मिळालेले) स्वतःच पाठीवर हवेची पिशवी बांधून पळायचे, बाहेर सोडलेला श्वास त्या पिशवीत जमा करायचा आणि नंतर त्यातला ऑक्सिजन मोजायचा. वेग वाढवत गेलं की ऑक्सिजनचा वापर वाढत जातो, पण एका टप्प्यानंतर तुम्ही कितीही जोर लावा, तो वाढत नाही. ती जी वरची मर्यादा तो व्हीओटू मॅक्स. आजही लॅबमध्ये ट्रेडमिल आणि तोंडाला मास्क लावून तेच करतात, फक्त पिशवीच्या जागी मशीन आलंय.

आता ही मर्यादा येते कुठून? बहुतेकांना वाटतं फुफ्फुसातून, कारण धाप लागते तेव्हा श्वास कमी पडतोय असंच वाटतं ना. म्हणून मग लोक मास्क लावून पळतात, श्वास रोखायचे व्यायाम करतात. पण निरोगी हौशी रनरची फुफ्फुसं सहसा कमी पडत नाहीत, रक्त फुफ्फुसातून बाहेर पडतं तेव्हा ते ऑक्सिजनने जवळजवळ पूर्ण भरलेलंच असतं. कमी पडतं ते रक्त, म्हणजे हृदय मिनिटाला किती रक्त पुढं ढकलू शकतं ते.

तुमचाच हिशोब मांडतो. जोरात पळताना स्नायू साधारण प्रत्येक लिटर रक्तातून १५० मिली ऑक्सिजन काढून घेतात (हा आकडा माणसागणिक थोडा बदलतो, पण अंदाजाला चालतो). २.७ लिटर ऑक्सिजन हवा म्हणजे मिनिटाला १८ लिटर रक्त लागणार. समजा तुमचे जास्तीत जास्त ठोके १८० आहेत, तर १८ लिटर भागिले १८०, म्हणजे एका ठोक्याला १०० मिली. बास, तुमचं सगळं गणित या १०० मिलीत आहे. कारण जास्तीत जास्त ठोके ट्रेनिंगने वाढत नाहीत, ते वयाबरोबर हळूहळू कमीच होतात. स्नायूंची ऑक्सिजन काढून घ्यायची ताकद थोडी वाढते, पण तुम्ही दोन वर्षं पळताय म्हणजे त्यातला बराचसा फायदा घेऊन झालाय. उरतं काय, तर एका ठोक्यात बाहेर पडणारं रक्त. ते १०० चं ११० झालं, बाकी काहीच बदललं नाही, तरी तुमचा ३८ चा जवळपास ४२ होतो.

मग हे १०० चं ११० कसं होतं? हृदय भरताना जास्त ताणलं गेलं पाहिजे आणि ते भरायला शरीरात रक्तही जास्त पाहिजे. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत रक्तातला पातळ भाग, प्लाझ्मा वाढतो, पुढं हळूहळू लाल पेशी आणि हृदयाचा डावा कप्पा यांच्यात बदल होतात. यासाठी दोन प्रकारचं काम लागतं. एक म्हणजे भरपूर वेळ आरामात पळणं, आणि दुसरं म्हणजे आठवड्यातून थोडी मिनिटं हृदय अगदी वरच्या टोकाजवळ चालवणं. तुम्ही या दोन्हींच्या मधलं करताय.

मधलं म्हणजे कसं ते बघा. सपाट रस्त्यावर पळायला किती ऑक्सिजन लागतो याचं एक सोपं सूत्र आहे, मिनिटाला जितके मीटर पळता त्याला ०.२ ने गुणायचं आणि ३.५ मिळवायचे. तुमचा पेस ७, म्हणजे मिनिटाला साधारण १४३ मीटर. त्याला ०.२ ने गुणलं की २८.६, अधिक ३.५, झाले ३२. तुमची मर्यादा ३८ आणि तुम्ही रोज ३२ वर पळताय, म्हणजे ८४ टक्के! हा पेस इतका सोपा नाही की तुम्ही तास-दीड तास पळू शकाल आणि इतका कडकही नाही की हृदय टोकाला जाईल. दमायला मात्र होतं, म्हणून मेहनत पूर्ण घेतोय असं वाटतं, आणि खरंच घेताय, पण शरीराला दर वेळी तोच तो निरोप जातो. ३४ वरून ३८ पर्यंत या पद्धतीने आलात कारण सुरुवातीला काहीही केलं तरी वाढतं.

घड्याळाबद्दलही एक गोष्ट सांगायला हवी. घड्याळ ऑक्सिजन मोजत नाही, ते तुमचा वेग आणि ठोके यांची सांगड घालून अंदाज बांधतं. त्यात सगळ्यात मोठी चूक होते ती जास्तीत जास्त ठोक्यांच्या आकड्यात. तुमच्या घड्याळाने २२० वजा वय करून १७८ धरले असणार, पण या सूत्रात दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज पडतो. तुमचे खरे १८८ असतील तर १६० ठोक्यांवर तुम्ही ८५ टक्क्यांवर असता, घड्याळाला मात्र वाटतं की हा माणूस ९० टक्क्यांवर पोचलाय, म्हणजे याच्यात दम कमी, आणि ते आकडा खाली दाखवतं. शिवाय ठाण्याची हवा. एप्रिल-मेमध्ये, घाम वाळतच नाही अशा दमट सकाळी, त्याच पेसला ठोके दहा-पंधराने वर जातात कारण रक्ताचा एक हिस्सा कातडी थंड करायला वळतो, आणि घड्याळ एक-दोन पॉइंट कापतं. डिसेंबरात तेच परत देतं. दोन्ही वेळा तुमच्या हृदयात काहीच बदललेलं नसतं. मनगटावरचा सेन्सर कधी कधी ठोक्यांऐवजी पावलंच मोजायला लागतो, ठोके सतत १६५-१७० च्या आसपास चिकटून बसले आणि तुमची मिनिटाची पावलंही तेवढीच असली की समजायचं हेच झालंय. छातीचा पट्टा घेतलात तर हा प्रश्न मिटतो.

म्हणून मी आमच्या ग्रुपमध्ये घड्याळाचा आकडा बघतच नाही. कूपर टेस्ट घेतो, १९६८ सालची जुनी टेस्ट आहे, बारा मिनिटांत जास्तीत जास्त किती मीटर पळता ते मोजायचं. त्यातून ५०४.९ वजा करायचे आणि ४४.७३ ने भागायचं, आला व्हीओटू मॅक्सचा अंदाज. उदाहरणार्थ २२०० मीटर झाले तर ३७.९. हाही अंदाजच आहे, ज्याला जोर काढता येत नाही किंवा जो पहिल्या दोन मिनिटांत सुसाट सुटतो त्याचा आकडा कमी येतो. पण तोच ट्रॅक, तीच सकाळची वेळ, तसंच हवामान ठेवलंत तर दोन टेस्टमधला फरक विश्वास ठेवण्यासारखा असतो. आपल्याला तेवढंच हवंय.

आता मुख्य वर्कआउट. मी जो देतो तो चार वेळा चार मिनिटं. नॉर्वेतल्या संशोधकांनी २००७ मध्ये तो नीट तपासला होता, आठ आठवडे, आठवड्यातून तीन दिवस, चार मिनिटं जास्तीत जास्त ठोक्यांच्या ९० ते ९५ टक्क्यांवर पळायचं, मध्ये तीन मिनिटं हलकं जॉगिंग, असं चार वेळा. त्या पोरांचा व्हीओटू मॅक्स सरासरी सात टक्क्यांनी वाढला, आणि गंमत म्हणजे एका ठोक्यात बाहेर पडणारं रक्तही वाढलं. ज्यांनी तेवढ्याच मेहनतीचं संथ किंवा मध्यम पळणं केलं त्यांच्यात तशी वाढ दिसली नाही. पण ती कॉलेजची मुलं होती, ४२ व्या वर्षी दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या माणसाला मी आठवड्यातून तीन दिवस हे कधीच देत नाही, पोटऱ्या आणि टाचेची शीर बोलायला लागते. आठवड्यातून एकदा, फार तर दुसऱ्या महिन्यापासून दहा दिवसांत दोनदा.

चार मिनिटंच का, तर हृदयाला वर पोचायलाच दीड-दोन मिनिटं लागतात. एक मिनिटाचे स्प्रिंट मारून लांब विश्रांती घेतली तर पाय जळतात, धाप लागते, पण ठोके टोकाला पोचायच्या आत तुम्ही थांबलेले असता. चार मिनिटांच्या प्रत्येक फेरीत शेवटची दोन-अडीच मिनिटं खरी कामाची, म्हणजे सोळा मिनिटांच्या कष्टातून हाती येतात ती नऊ-दहा मिनिटं. कमी वाटतात पण तेवढी पुरतात.

तुमचा पेस काढू. मघाचं सूत्र उलटं फिरवा, ३८ वजा ३.५, भागिले ०.२, मिनिटाला १७२ मीटर, पेस साधारण ५:४८. चार मिनिटांत ६९० मीटर होतात. पण पहिल्या आठवड्यात ६९० धरू नका, ६६० धरा, म्हणजे ६ च्या जवळचा पेस. पंधरा मिनिटं वॉर्मअप, त्यात शेवटी वीस-वीस सेकंदांचे तीन-चार वेगवान तुकडे, मग पहिली फेरी. पहिल्या फेरीत मनात आलं पाहिजे की "एवढंच?". दुसऱ्या फेरीच्या शेवटी दोन-तीन शब्दांच्या वर बोलता येऊ नये. चौथी संपल्यावर असं वाटावं की पाचवी मारता आली असती, पण नको. चौथ्या फेरीनंतर आडवं पडावंसं वाटत असेल तर जास्त झालंय.

काय चुकतं ते एका उदाहरणावरून सांगतो. आमच्या ग्रुपमध्ये एक ताई आहेत, ४४ वर्षांच्या, शाळेत शिकवतात. नोव्हेंबरात कूपरला १९८० मीटर, म्हणजे ३३. त्या हिशोबाने चार मिनिटांत साधारण ५९० मीटर यायला हवेत. पहिल्या दिवशी मी दुसऱ्या टोकाला वेळ लावत होतो तर या पहिल्या फेरीत ६८० मीटर गेल्या, दुसरीत ६१०, तिसरीत ५६०, आणि चौथीत अर्ध्यात चालायला लागल्या. त्यांना वाटलं, काय झकास वर्कआउट झाला, घामाने निथळत होत्या. पट्ट्याचा ग्राफ बघितला तर पहिल्या फेरीत पाय आम्लाने भरून गेले होते आणि तिसरी-चौथीत वेगच नसल्यामुळे ठोके ९० टक्क्यांच्या खाली. सगळे मिळून जेमतेम चार मिनिटं वर होत्या. पुढच्या मंगळवारी मी ट्रॅकच्या कडेला ५८० मीटरवर बाटली ठेवली आणि सांगितलं की चार मिनिटं व्हायच्या आत बाटली ओलांडायची नाही. झाले ५८०, ५८५, ५८०, ५९०. दिसायला वर्कआउट सोपा होता, पण १६४ च्या वर, म्हणजे त्यांच्या ९० टक्क्यांच्या वर, दहा मिनिटं भरली. दहा आठवड्यांनी कूपरला २१२०, म्हणजे ३६. नऊ टक्के वाढ. आणि या दहा आठवड्यांत त्यांचे मंगळवार फक्त आठच झाले, दोन वेळा सर्दी आणि परीक्षा आल्या.

तर कसोटी एवढीच, चारही फेऱ्यांचं अंतर सारखं आलं पाहिजे, शेवटची किंचित जास्त आली तर उत्तम. पहिली सगळ्यात लांब आली की पुढच्या वेळी वीस मीटर कमी करा.

तुम्हाला ठाण्यात ट्रॅक मिळत नसेल तर येऊरचा चढ आहे की. चढावर अंतर मोजत बसू नका, श्वासावर जा, तेच दोन-तीन शब्दांचं प्रमाण. चढाचा फायदा हा की वेग कमी असल्यामुळे पायाला धक्के कमी बसतात आणि ठोके लवकर वर जातात, फक्त उतरताना चालत उतरा, गुडघे तिथं दुखावतात. पावसाळ्यात शेवाळ असतं तेव्हा ट्रेडमिल चालेल, आणि मे महिन्यात मीटर विसरून ठोक्यांवर चाला, कारण त्या दमट हवेत ६६० मीटर काढायला गेलात तर तिसऱ्या फेरीतच गळपटाल.

दुसरं काम, बाकीचे तीन दिवस हळू. हे सगळ्यांना जड जातं. तुमच्या मर्यादेच्या सत्तर टक्क्यांच्या आत म्हणजे जवळपास ८:४५ ते ९ चा पेस. होय, ९. उपवनला तलावाभोवती चालायला आलेली मंडळी तुमच्या बरोबरीने येतील, येऊ देत. पूर्ण वाक्यं बोलता आली पाहिजेत, सोबत कुणी नसेल तर मोठ्याने पाढे म्हणून बघा. हळू गेलात की वेळ वाढवता येतो, तो मुद्दा आहे. मंगळवारी चार बाय चार, गुरुवारी पाऊण तास हळू, शनिवारी अर्धा-पाऊण तास हळू, रविवारी तासाभरापासून सुरू करून दर आठवड्याला पाच-सात मिनिटं वाढवत दीड तासापर्यंत. आत्ता तुमचे आठवड्याचे २४ किमी म्हणजे पावणेतीन तास होतात, ते साडेतीन-चार तासांवर न्यायचे. चौथ्या आठवड्यात सगळंच थोडं कमी करा. या हळू तासांनीच रक्ताचं प्रमाण आणि स्नायूंमधल्या बारीक केशवाहिन्या वाढतात, नुसत्या मंगळवारावर जगायला गेलात तर सहा-आठ आठवड्यांनी पुन्हा अडकाल.

आता जे माझ्या हातात नाही आणि तुमच्याही नाही ते. एकाच ट्रेनिंगला शरीरं वेगवेगळी उत्तरं देतात. अमेरिकेत हेरिटेज नावाचा मोठा अभ्यास झाला, शेकडो बैठ्या माणसांना वीस आठवडे सारखंच सायकलिंग दिलं, सरासरी वाढ मिनिटाला जेमतेम ०.४ लिटर झाली, पण काहींची जवळपास शून्य आणि काहींची एक लिटरपर्यंत! आणि हा फरक बराचसा घराण्यात चालत आलेला होता. त्यामुळे ४५ होईल का याचं प्रामाणिक उत्तर असं की दहा-बारा आठवड्यांत ४१-४२ ची अपेक्षा मी धरेन, वर्षभरात ४३-४४ शक्य आहे, ४५ तुमच्या रक्तात असेल तर. वजनाचाही यात हात असतो, कारण भागाकार किलोने होतो. २.७ लिटर तेच राहून तुम्ही ७२ चे ६८ झालात तर आकडा ४० दिसेल, हृदय तेच. पोटावर खरंच जादा चरबी असेल तर ती जरूर उतरवा, पण पोळी-भात बंद करून चार किलो उतरवले तर मंगळवारी पाय उचलणार नाहीत आणि लिटरच कमी होतील.

आणि हिमोग्लोबिन, याकडे कुणी बघतच नाही. एक ग्रॅम हिमोग्लोबिन साधारण १.३४ मिली ऑक्सिजन वाहतं. १५ असेल तर १०० मिली रक्तात २० मिली ऑक्सिजन, ११ असेल तर १५ च्याही खाली. हृदय कितीही ढकलू दे, माल कमीच पोचणार. आपल्याकडे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) १५ ते ४९ वयातल्या ५७ टक्के महिलांना अ‍ॅनिमिया आढळला, आणि पुरुषांमध्येही चारातला एक. माझ्याकडे कुणी "अडकलोय" म्हणून आलं की मी आधी रक्ताची सीबीसी आणि लोहाचा साठा दाखवणारी फेरिटिन तपासणी करून आणायला सांगतो, विशेषतः जे पूर्ण शाकाहारी आहेत आणि जेवणावर लगेच चहा घेतात (चहामुळे लोह कमी शोषलं जातं, तासभर तरी अंतर ठेवा). गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने सुरू करायच्या नाहीत, रिपोर्ट डॉक्टरांना दाखवायचा.

अजून एक, आणि हे टाळू नका. चाळिशी पार आहे, बैठं काम आहे, त्यामुळे ९० टक्क्यांवर जायच्या आधी एकदा डॉक्टरांना भेटून बीपी, साखर, ईसीजी आणि ते म्हणाले तर स्ट्रेस टेस्ट करून घ्या. घरात कुणाला पन्नाशीच्या आत हार्ट अटॅक आला असेल तर हे नक्कीच. पळताना छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात दुखणं, चक्कर, असं काही झालं तर फेरी पूर्ण करायची नाही, तिथंच थांबून थेट डॉक्टरकडे.

थोडक्यात क्रम असा ठेवा: या आठवड्यात रक्त आणि डॉक्टर, पुढच्या रविवारी नीट वॉर्मअप करून कूपर टेस्ट, आणि त्या टेस्टच्या शेवटच्या मिनिटात दिसलेले सगळ्यात जास्त ठोके घड्याळात १७८ च्या जागी टाका, ते १७८ पेक्षा जास्त आले तर. मग दोन आठवडे फक्त हळू पळा, कारण त्या पेसची सवय व्हायला तेवढा वेळ लागतोच, तिसऱ्या आठवड्याच्या मंगळवारी पहिला चार बाय चार. टेस्टला २२०० च्या बरंच वर-खाली काही आलं तर ६६० मीटरचा आकडा बदलेल, तुमचे मीटर आणि हिमोग्लोबिन इथं लिहा, मी चार मिनिटांचं अंतर काढून देतो.